ठेव, व्याज आणि विमा : बँक क्लार्क परीक्षेत फिरून फिरून येणारे प्रश्न

मी सोलापुरात एका बँकेच्या काउंटरवर बसतो आणि सात रस्त्याजवळच्या एका अभ्यासिकेत रविवारी सकाळी मुलांची कच्ची कामं तपासतो. मुलं दरवर्षी बदलतात, अडतात मात्र त्याच जागी. त्यामुळे तीच उत्तरं तोंडी सांगून कंटाळलो आणि ती लिहून काढली. यात सगळा अभ्यासक्रम नाही. एखाद्याने बँकेत ठेव ठेवली, की तिच्याभोवती जेवढे प्रश्न निघतात तेवढेच आहेत. पण गणित आणि बँकिंग या दोन्ही पेपरांत या एका ठेवीवर बरंच काही निघतं.

गणितातलं व्याज आणि बँकिंगच्या नोट्स एकाच वहीत कशाला?

पूर्व परीक्षेत बँकिंग नसतं. तिथे गणिताचे ३५ प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापला जातो. बँकिंगचे प्रश्न मुख्य परीक्षेत येतात. म्हणून मुलं पूर्व होईपर्यंत बँकिंगची वही उघडतच नाहीत. पूर्वचा निकाल लागला की मुख्य परीक्षेला थोडेच दिवस उरतात, मग त्या दिवसांत तारखा आणि आकडे घोकत बसतात. व्याजाचं गणित सोडवतानाच ‘ही ठेव खऱ्या बँकेत असती तर काय झालं असतं’ एवढं विचारलं, तरी अर्धं बँकिंग आपोआप डोक्यात बसतं. घोकलेला आकडा परीक्षेच्या खोलीत दगा देतो, गणितातून आलेला सहसा देत नाही.

सरळव्याज आणि चक्रवाढव्याज यांतला फरक दिलेला असतो आणि मुद्दल काढायचं असतं. सूत्र विसरलो तर?

सूत्र नसलं तरी चालतं. फरक येतो कुठून ते कळलं की झालं. दोन वर्षांच्या ठेवीत पहिल्या वर्षी दोन्ही व्याजं सारखीच असतात. दुसऱ्या वर्षी चक्रवाढीत पहिल्या वर्षाच्या व्याजावरही व्याज मिळतं, सरळव्याजात मिळत नाही. फरक तेवढाच.

उदाहरण घेऊ. ‘द.सा.द.शे. ८ दराने एका रकमेवरील २ वर्षांच्या चक्रवाढव्याजात आणि सरळव्याजात ₹९६ चा फरक आहे, तर मुद्दल किती?’ हे ₹९६ म्हणजे पहिल्या वर्षाच्या व्याजाचे ८ टक्के. कशाचे ८ टक्के म्हणजे ९६? १२०० चे. म्हणजे पहिल्या वर्षाचं व्याज ₹१,२००. आता कशाचे ८ टक्के म्हणजे १,२००? १५,००० चे. मुद्दल ₹१५,०००. एकच भागाकार दोनदा केला, बस.

हाच प्रश्न उलटाही विचारतात. दोन वर्षांचं सरळव्याज ₹२,४०० आणि चक्रवाढव्याज ₹२,४९६ असं देतात आणि दर विचारतात. पहिल्या वर्षाचं व्याज २,४०० चं निम्मं, म्हणजे १,२००. त्यावर ९६ जास्त मिळाले. १,२०० वर ९६ म्हणजे ८ टक्के. चुकणारी मुलं ९६ ला २,४०० ने भागतात आणि ४ टक्के उत्तर काढतात. तो ४ पर्यायांत हमखास असतो, कारण प्रश्न काढणाऱ्याला ही चूक ठाऊक असते.

गेल्या महिन्यात एका मुलीच्या कच्च्या कागदावर १५,००० गुणिले १.०८ गुणिले १.०८ असा उभा गुणाकार पाहिला. हातचे, दशांश चिन्ह, सगळं नीट. उत्तर बरोबर आलं, पण पाऊण कागद भरला आणि दोन मिनिटं गेली. तेवढ्या वेळात तिचे आणखी तीन प्रश्न झाले असते.

तीन वर्षांचा फरक आला की गडबड होते. त्याला काही सोपी वाट आहे का?

आहे. आम्ही तिला ‘तीन-तीन-एक’ म्हणतो. आधीचीच ठेव घ्या : ₹१५,०००, दर ८.

मुद्दलाचे ८ टक्के काढा : १,२००. त्याचे ८ टक्के : ९६. त्याचे ८ टक्के : ७.६८. आता पहिला आकडा तीन वेळा, दुसरा तीन वेळा आणि तिसरा एकदा घ्या. ३,६०० अधिक २८८ अधिक ७.६८, म्हणजे ₹३,८९५.६८. हे झालं तीन वर्षांचं चक्रवाढव्याज. त्यातले ३,६०० म्हणजे सरळव्याज, म्हणून उरलेले २९५.६८ म्हणजे फरक.

तीन-तीन-एक का, असं एकाने विचारलं होतं. मुद्दलावरचं व्याज तीन वर्षं मिळतं, म्हणून तीन. पहिल्या वर्षाच्या व्याजावर पुढची दोन वर्षं व्याज मिळतं आणि दुसऱ्या वर्षाच्या मूळ व्याजावर एक वर्ष, म्हणून पुन्हा तीन. शेवटचा आकडा व्याजाच्या व्याजावरचं व्याज, ते एकदाच. हे पटलं की दोन वर्षांसाठी ‘दोन-एक’ का, हे तुम्हीच सांगाल.

दर १० असेल तर हे तोंडी होतं. ₹१०,००० वर १,०००, १००, १० मिळतात. तीन वर्षांचं व्याज ३,३१०, फरक ३१०. दर साडेसात वगैरे आला की मात्र ही वाट लांब पडते. तिथे पर्यायांकडे बघून अंदाज काढणं बरं.

‘व्याज सहामाही आकारल्यास’ असं असेल तर नेमकं काय बदलायचं?

दर निम्मा करायचा आणि मुदतीचे हप्ते दुप्पट करायचे. दोन्ही करायचं. इथेच सगळी गफलत होते.

समजा ₹५०,०००, द.सा.द.शे. ८, मुदत १ वर्ष, व्याज सहामाही. ४ टक्के दोनदा. ‘दोन-एक’ने २,००० दोनदा आणि ८० एकदा, म्हणजे ₹४,०८०. पर्यायांत ४,००० असतो, तो ‘सहामाही’ हा शब्द न वाचणाऱ्यांसाठी. ८,३२० ही असतो. हप्ते दुप्पट केले पण दर निम्मा करायला विसरले, त्यांचं उत्तर तेच येतं. चौथा पर्याय बहुतेकदा असाच भरीला असतो.

मी स्वतः एका मुख्य परीक्षेत हा ‘सहामाही’ शब्द वाचला नव्हता. पर्यायांत माझं उत्तर होतं, त्यामुळे शंकाही आली नाही. घरी येऊन मित्रांशी ताडून पाहिलं तेव्हा कळलं. तेव्हापासून प्रश्न वाचताना तीन गोष्टी कागदावर आधी उतरवतो : दर, मुदत, आकारणी. आकारणीचा रकाना रिकामा राहिला तरच वार्षिक धरायची.

दीड वर्षाची मुदत आणि व्याज वार्षिक चक्रवाढ. मग अर्ध्या वर्षाचं काय करायचं?

पूर्ण वर्षाला चक्रवाढ, उरलेल्या अर्ध्या वर्षाला वाढलेल्या रकमेवर सरळ. ₹४०,००० वर १० दराने पहिल्या वर्षी ४,००० मिळाले, रक्कम ४४,००० झाली. पुढच्या सहा महिन्यांना ४४,००० चे ५ टक्के, २,२००. एकूण व्याज ₹६,२००.

आकारणी सहामाही असती तर ५ टक्क्यांचे तीन हप्ते पडले असते. तीन-तीन-एकने ६,००० अधिक ३०० अधिक ५, म्हणजे ₹६,३०५. दोन्ही उत्तरं पर्यायांत असतात, म्हणून मघाचा आकारणीचा रकाना.

दामदुप्पट, आठपट हे प्रश्न तोंडी सुटतात असं म्हणतात. कसे?

चक्रवाढीत रक्कम ५ वर्षांत दुप्पट होत असेल तर पुढच्या ५ वर्षांत ती दुप्पट रक्कम पुन्हा दुप्पट होते. आठपट म्हणजे तीन वेळा दुप्पट, म्हणजे १५ वर्षं. दर काढायची गरजच नाही.

सरळव्याजात असं होत नाही. तिथे ८ वर्षांत दुप्पट म्हणजे ८ वर्षांत मुद्दलाएवढं व्याज. आठपट व्हायला मुद्दलाच्या सातपट व्याज लागेल, म्हणजे ५६ वर्षं. इथे पोरं ६४ लिहितात, कारण आठपटमध्ये मुद्दलही धरलेलं आहे हे लक्षात येत नाही.

रक्कम दोन ठिकाणी गुंतवली आणि एकूण व्याज दिलं. क्ष मांडायचाच का?

नको. समजा टॉवेलच्या कारखान्यातल्या एकाने ₹६०,००० दोन ठिकाणी ठेवले, काही ८ टक्क्यांनी, काही ११ टक्क्यांनी, आणि वर्षाला सरळव्याज ₹५,५२० आलं. सगळी रक्कम ८ टक्क्यांनीच ठेवली असं समजा. व्याज ४,८०० झालं असतं. प्रत्यक्षात ७२० जास्त आले. हे जास्तीचे ७२० फक्त ११ टक्क्यांच्या रकमेमुळे, प्रत्येक शंभरावर ३ जास्त. ७२० म्हणजे २४,००० चे ३ टक्के. म्हणून ₹२४,००० ११ टक्क्यांनी आणि ₹३६,००० ८ टक्क्यांनी.

खरी बँकही असंच वार्षिक व्याज देते का?

नाही. मुदत ठेवीवर बँका साधारणपणे तिमाही चक्रवाढ देतात. ८ टक्के दर म्हणजे दर तिमाहीला २ टक्के, आणि वर्षाच्या शेवटी ते ८.२४ टक्के भरतात. काउंटरवर ठेवीची पावती घेऊन लोक विचारतात, ‘साहेब, दर आठ लिहिलाय, मग व्याज जास्त कसं?’ तेव्हा मी हाच हिशोब सांगतो.

बचत खात्याचं गणित वेगळं आहे आणि त्यावर बँकिंगचा एक आवडता प्रश्न निघतो : बचत खात्यावरचं व्याज कोणत्या पद्धतीने काढतात? उत्तर : रोजच्या शिलकेवर, १ एप्रिल २०१० पासून. त्याआधी महिन्याच्या १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरत.

फरक केवढा पडतो ते एकदा काढून पाहा. ३० दिवसांच्या महिन्यात खात्यावर पहिले २० दिवस ₹१०,००० होते, मग ३०,००० जमा झाले आणि उरलेले १० दिवस ₹४०,००० होते. दर ३ टक्के धरू. आजच्या पद्धतीत १०,००० गुणिले २० आणि ४०,००० गुणिले १०, बेरीज ६ लाख. त्याचे ३ टक्के, भागिले ३६५. सुमारे ₹४९.३२. जुन्या पद्धतीत सर्वांत कमी शिल्लक १०,०००, एका महिन्याचं व्याज ₹२५. पगार विसाव्या दिवशी जमा होणाऱ्याला जुन्या पद्धतीत त्या पगारावर त्या महिन्यात काहीच मिळत नव्हतं म्हणा ना.

याला जोडूनच एक तारीख येते. बचत खात्याचा व्याजदर ठरवण्याची मोकळीक रिझर्व्ह बँकेने बँकांना २५ ऑक्टोबर २०११ रोजी दिली. २०१० ला पद्धत बदलली, २०११ ला दर मोकळा झाला. या दोन्हींची अदलाबदल करून विधानं देतात.

बँक बुडाली तर पाच लाख मिळतात. यावर प्रश्न काय विचारणार?

भरपूर. माझ्या मते ठेवीवरच्या बँकिंग प्रश्नांत सर्वांत कसदार हाच भाग आहे आणि मुलं ‘पाच लाख’ एवढंच पाठ करून थांबतात.

विमा देणारी संस्था म्हणजे ठेव विमा आणि पतहमी महामंडळ, परीक्षेतलं नाव डीआयसीजीसी. ती पूर्णपणे रिझर्व्ह बँकेच्या मालकीची आहे. ठेव विमा १ जानेवारी १९६२ ला सुरू झाला, तेव्हा मर्यादा फक्त ₹१,५०० होती. ठेव विम्याची आणि पतहमीची अशा दोन संस्था एकत्र होऊन आजचं महामंडळ १५ जुलै १९७८ ला झालं. म्हणून ‘विमा कधी सुरू झाला’ आणि ‘महामंडळ कधी स्थापन झालं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मर्यादा १९९३ मध्ये एक लाख झाली आणि तब्बल २७ वर्षं तिथेच राहिली. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख आहे.

आता खरी मेख. हे पाच लाख कोणाला, कशावर? प्रत्येक ठेवीदाराला, प्रत्येक बँकेमागे, मुद्दल आणि व्याज धरून. शाखेमागे नव्हे, खात्यामागे नव्हे.

एक ठेवीदार घेऊ. त्याचं एका बँकेच्या नवी पेठ शाखेत बचत खातं आहे, शिल्लक ₹६०,०००. त्याच बँकेच्या होटगी रोड शाखेत ₹४,२०,००० ची मुदत ठेव आहे आणि तिच्यावर ₹३८,००० व्याज साठलं आहे. बँकेचा परवाना रद्द झाला. त्याला विम्याचे किती मिळतील?

मुलं तीन उत्तरं देतात. एक म्हणतो ४,८०,०००, कारण व्याज धरलं नाही. दुसरा म्हणतो ५,१८,०००, कारण शाखा वेगळ्या, दोन्हींना वेगळी मर्यादा. बरोबर उत्तर ५,००,०००. दोन्ही शाखांतली रक्कम एकत्र होते, व्याज धरलं जातं, बेरीज ५,१८,००० होते आणि मर्यादा तिथेच कात्री लावते. वरचे १८,००० पूर्ण बुडालेच असं नाही. बँकेची मालमत्ता विकून काही उरलं तर त्यातून मिळू शकतात, पण विम्यातून नाही.

आता प्रश्न थोडा वाकवू. याच माणसाने त्याच बँकेतून ₹१,००,००० कर्ज घेतलं असेल तर? बँकेला आपलं येणं ठेवीतून वळतं करून घेता येतं आणि विमा उरलेल्या रकमेवर लागतो. ५,१८,००० वजा १,००,०००, म्हणजे ₹४,१८,०००. ते मर्यादेच्या आत आहेत, सगळे मिळतील.

आणखी एक वाकण : त्याचं बायकोबरोबर संयुक्त खातंही असेल तर? ते वेगळं धरलं जातं, कारण तिथे तो एकट्याच्या नात्याने ठेवीदार नाही. त्याला स्वतंत्र पाच लाखांची मर्यादा. दुसऱ्या बँकेत ठेव असेल तर तीही वेगळी.

विम्याचा हप्ता बँक भरते, तो ठेवीदाराकडून वसूल करता येत नाही. ‘ठेवीदाराच्या खात्यातून हप्ता वजा होतो’ असं विधान आलं की चूक. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले, पैसे काढायला बंदी झाली, तरी विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद आहे. पूर्वी बँक प्रत्यक्ष अवसायनात जाईपर्यंत वाट पाहावी लागे, त्यात वर्षं जात.

पतसंस्थेतली ठेव, पिग्मी, भिशी यांना हा विमा लागतो का?

सोलापुरात हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि परीक्षेसाठीच विचारला जातो असंही नाही. पूर्व भागात यंत्रमागावर काम करणाऱ्या घरात संध्याकाळी पिग्मीवाला येतो, वीस-पन्नास रुपये घेतो आणि यंत्रावर पावती काढून देतो. ती पिग्मी बँकेची आहे की पतसंस्थेची, यावर सगळं ठरतं.

नागरी सहकारी बँक ही बँक आहे, तिच्या ठेवींना विमा आहे. पतसंस्था ही सहकारी संस्था असली तरी बँक नाही, तिच्या ठेवींना डीआयसीजीसीचा विमा नाही. भिशी तर आपसातला व्यवहार, तिथे विमा कसला. पर्यायांत ‘प्राथमिक सहकारी पतसंस्था’ दिसली आणि प्रश्न ‘कोणाला विमा नाही’ असा असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही. याशिवाय केंद्र आणि राज्य सरकारांच्या ठेवी, परदेशी सरकारांच्या ठेवी आणि एका बँकेने दुसऱ्या बँकेत ठेवलेल्या ठेवी यांनाही विमा नाही. बचत, चालू, मुदत, आवर्ती या चारही प्रकारांना आहे.

पिग्मीबद्दल जाता जाता : ही योजना सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केली. ती बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत विलीन झाली. दोन्हींवर प्रश्न निघू शकतो.

सीआरआर आणि एसएलआर यांची नेहमी अदलाबदल होते. काय करू?

बँकेने ठेव घेतली, की सगळी कर्जाऊ देता येत नाही. एक भाग रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावा लागतो, तो सीआरआर. दुसरा भाग बँकेने स्वतःकडे रोख, सोनं किंवा सरकारी रोख्यांत ठेवायचा, तो एसएलआर. पहिला दुसऱ्याच्या घरात, दुसरा आपल्या घरात. सीआरआरवर रिझर्व्ह बँक व्याज देत नाही. एसएलआरमधल्या रोख्यांवर मात्र व्याज मिळतं. बँकांना सीआरआर का खुपतो ते यावरून कळेल.

गणितही निघतं. बँकेच्या निव्वळ मागणी आणि मुदत देण्यांची रक्कम ₹२,००० कोटी आणि सीआरआर ४ टक्के धरला, तर ८० कोटी रिझर्व्ह बँकेकडे. दर पाव टक्क्याने कमी झाला तर ५ कोटी मोकळे होतात, तेवढे कर्जाला उपलब्ध. दर वेळोवेळी बदलतात, ते परीक्षेच्या आठवड्यात बघा. कायदे बदलत नाहीत : सीआरआरचा आधार रिझर्व्ह बँक कायद्याचं कलम ४२, एसएलआरचा आधार बँकिंग नियमन कायद्याचं कलम २४.

नामनिर्देशन आणि बेवारस ठेवींवर काय येतं?

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक त्याच्या हाती पैसे देऊन मोकळी होते, वारसांचा हक्क तसाच राहतो. काउंटरवर यावरून भावाभावांत भांडणं झालेली पाहिली आहेत. नवा भाग असा, की १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. ते एकाच वेळी वाटा ठरवून असू शकतात किंवा एकामागून एक असू शकतात. लॉकरला मात्र एकामागून एक हाच प्रकार चालतो. विधान-प्रकारच्या प्रश्नात लॉकरचा हा अपवादच टाकतील असं मला वाटतं.

दहा वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते. गेली म्हणून हक्क जात नाही, बँकेकडे मागता येते. अशा ठेवी शोधण्याचं पोर्टल म्हणजे उद्गम, २०२३ मध्ये सुरू झालेलं.

चेकवरच्या आकड्यांचे प्रश्न लक्षात ठेवायला काही युक्ती?

घरातला चेक समोर घ्या. तळाच्या पांढऱ्या पट्टीवर डावीकडून आधी ६ अंकी चेक क्रमांक, मग ९ अंकी एमआयसीआर, मग ६ अंकी आकडा आणि शेवटी २ अंकी व्यवहार कोड असतो. एमआयसीआरचे पहिले तीन अंक शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. शहराचे तीन अंक पिनकोडच्या पहिल्या तीन अंकांशी जुळतात. सोलापूरचा पिन ४१३ ने सुरू होतो, तेच तीन चेकवर शोधा. एकदा स्वतःच्या चेकवर सापडले की परत विसरत नाही. आयएफएससी ११ जागांचा : चार अक्षरं बँकेची, पाचवं शून्य, पुढचे सहा शाखेचे.

चेकची मुदत तीन महिने, १ एप्रिल २०१२ पासून. आधी सहा होती.

दोन्ही विषय एकत्र येतील असं एखादं गणित द्या.

‘एका व्यक्तीने एका बँकेत काही रक्कम १० टक्के वार्षिक चक्रवाढ दराने २ वर्षांसाठी ठेवली. त्याच दराने सरळव्याज धरलं असतं तर तिला ₹४,५०० कमी मिळाले असते. मुदत संपण्याच्या दिवशीच बँकेचा परवाना रद्द झाला. त्या बँकेत तिची दुसरी ठेव किंवा कर्ज नाही. विमा मर्यादेबाहेर किती रक्कम राहील?’

४,५०० हे पहिल्या वर्षाच्या व्याजाचे १० टक्के, म्हणून ते व्याज ४५,०००. मुद्दल ४,५०,०००. दोन-एकने दोन वर्षांचं व्याज ९०,००० अधिक ४,५००, म्हणजे ९४,५००. एकूण रक्कम ५,४४,५००. विम्याचे ५,००,०००, बाहेर राहिले ₹४४,५००.

मागच्या रविवारी नऊ जणांना हे दिलं. दोघांनी ४४,५०० काढलं. चौघांचं उत्तर ‘शून्य’ आलं : मुद्दल ४,५०,००० पाच लाखांच्या आत आहे, मग बाहेर काय राहणार, असं त्यांचं म्हणणं. व्याजही विम्याच्या हिशोबात धरतात हे त्यांच्या वहीत लिहिलेलं होतं, मी उघडून दाखवलं. उरलेले तिघं मुद्दलापर्यंतच पोचले नव्हते.